फिश टँकमध्ये खरं पाणी किती लिटर?

माशांच्या औषधाच्या बाटलीवर डोस लिहिलेला असतो तो लिटरच्या हिशेबात. दहा लिटरला इतके थेंब, पन्नास लिटरला इतके मिली. आपल्याकडे टाकी मात्र फुटांत विकली जाते. क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो की गावातलं छोटं दुकान, गिऱ्हाईक ‘दोन फुटी’ किंवा ‘तीन फुटी’ मागतं आणि दुकानदार तोंडी सांगतो, ‘साठ-सत्तर लिटर धरा.’ पाणी भरायला आणि मासे सोडायला एवढा अंदाज पुरतो. औषध घालायची वेळ आली की साठ आणि सत्तर यांतला फरक महागात पडू शकतो, आणि खरा आकडा तर बऱ्याचदा या दोन्हींपेक्षा कमी असतो.

टेट्रा जातीच्या माशांना मॅलाकाइट ग्रीनचा पूर्ण डोससुद्धा जड जातो. तांब्याचं औषध कोळंबी आणि गोगलगाईंना मारतं, आणि माशांच्या बाबतीतही उपकारक प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत फार अंतर नसतं. उलट डोस कमी पडला तर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चार दिवस दबतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून टाकीत सध्या प्रत्यक्ष किती पाणी आहे, हे एकदा बसून काढून ठेवावं. तासाभराचं काम आहे. इथे ते एका नेहमीच्या दोन फुटी टाकीवर करून पाहू. आकडे तुमच्या टाकीचे वेगळे असतील, रीत तीच राहील.

बाहेरचं माप आणि आतलं माप

आपली टाकी आहे चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद, पंधरा इंच उंच. सेंटिमीटरमध्ये ६१ × ३०.५ × ३८. हा गुणाकार ७०,७०० घन सेंटिमीटरच्या जवळ जातो. एक हजार घन सेंटिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणून हजाराने भागलं की ७०.७ लिटर. दुकानदाराचा ‘सत्तर लिटर’ आला तो इथून.

पण हे काचेच्या बाहेरच्या कडांचं माप आहे. काच सहा एमएमची असेल तर लांबीत दोन्ही बाजूंची मिळून १.२ सेंटिमीटर जागा काचच खाते, रुंदीतही तेवढीच आणि उंचीत तळाच्या काचेचे ०.६ सेंटिमीटर. आत उरतं ५९.८ × २९.३ × ३७.४, म्हणजे ६५.५ लिटर. नुसत्या काचेपायी पाच लिटर गेले.

आता वरची रिकामी जागा. टाकी काठोकाठ कोणी भरत नाही. झाकणाची कड, हवेच्या नळीमुळे उडणारे तुषार, उडी मारणारे मासे या सगळ्यांसाठी तीन-चार सेंटिमीटर सोडावेच लागतात. आपल्या टाकीत पाणी वरच्या काठापासून चार सेंटिमीटर खाली आहे. म्हणजे तळाच्या काचेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत ३३.४ सेंटिमीटर. तळाचं आतलं क्षेत्रफळ ५९.८ × २९.३, म्हणजे १,७५२ चौरस सेंटिमीटर. त्याला ३३.४ ने गुणलं की ५८.५ लिटर येतात.

खडीचा एक दाणाही अजून टाकलेला नाही आणि ७०.७ चे ५८.५ झाले. बारा लिटर नुसते काच आणि रिकामी जागा यांत गेले. बहुतेकांचं सगळं लक्ष खडी आणि दगडांवर असतं. ‘सजावटीचे दहा टक्के वजा करा’ हा सल्ला तर सगळीकडे ऐकू येतो. पण हे दहा टक्के ७०.७ मधून वजा केले तर उरतात ६३.६, जे खडी न घातलेल्या टाकीतल्या पाण्यापेक्षाही जास्त आहेत. सल्ला अगदीच चुकीचा नाही, तो कुठल्या आकड्याला लावायचा हे सांगायचं राहून जातं.

मोजताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. टाकीला वर-खाली प्लास्टिकची चौकट असेल तर माप चौकटीवरून घेऊ नका, मधल्या उघड्या काचेवरून घ्या. काचेची जाडी वरच्या कडेवर पट्टी धरून दिसते. काचवाले चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा अशा ठरलेल्या एमएममध्येच काच देतात, त्यामुळे पट्टीवर साडेपाच दिसलं तर पाच की सहा हे नीट पाहून ठरवा. पाण्याची उंची मोजण्यासाठी टाकीत पट्टी खुपसायची गरज नाही. बाजूच्या काचेतून पाहिलं की तळाच्या काचेची वरची कड दिसते. तिथून पाण्याच्या पातळीपर्यंत बाहेरूनच मोजायचं. लाकडी पट्टीचा शून्य बऱ्याचदा टोकापासून थोडा आत असतो, तेवढं लक्षात ठेवा. अर्ध्या सेंटिमीटरची चूक या टाकीत जवळजवळ एका लिटरची असते.

ज्यांचा हात इंचांवर बसलेला आहे त्यांनी सेंटिमीटरमध्ये जायलाच हवं असं नाही. आतली मापं इंचांत घ्या, गुणाकार करा आणि ६१ ने भागा, सरळ लिटर मिळतील. सुतारी मोजपट्टीवर इंचाचे आठ सूत असतात, त्यामुळे ‘तेरा इंच एक सूत’ याचं १३.१२ करून घ्यावं लागतं, एवढाच काय तो त्रास.

एक आकडा इथेच वहीत लिहून ठेवा: या टाकीत एका सेंटिमीटर उंचीला १.७५ लिटर पाणी, म्हणजे पावणेदोन लिटर. तो पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे.

खडीच्या आत पाणी असतं

आपल्या टाकीत बारा किलो खडी आहे. पुढच्या काचेशी थर तीन सेंटिमीटर, मागच्या काचेशी सहा, उतार सरळ आहे, म्हणून सरासरी साडेचार धरू. उतार वेडावाकडा असेल तर बाजूच्या काचेवर चार-पाच ठिकाणी थर मोजून सरासरी काढावी. साडेचार सेंटिमीटर गुणिले १.७५ म्हणजे थराने व्यापलेली जागा ७.९ लिटर.

हे ७.९ लिटर अख्खे वजा करायचा मोह होतो आणि चूक होते ती इथेच. खडी म्हणजे सिमेंटचा ठोकळा नव्हे. दाण्यांमध्ये पोकळ्या असतात आणि त्या पाण्याने भरलेल्या असतात. साधारण एकाच आकाराच्या गोल खडीत एकूण जागेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास पोकळी असते. तेव्हा वजा करायचं ते फक्त दाण्यांचं आकारमान.

ते काढायची एक सोपी वाट वजनातून जाते. नदीची किंवा पॅकेटमधली नेहमीची खडी बहुतांशी क्वार्ट्‌झ जातीची असते आणि क्वार्ट्‌झचा एक लिटरचा सबंध तुकडा २.६५ किलो भरतो. म्हणून कोरड्या खडीच्या किलोंना २.६५ ने भागायचं. बारा भागिले २.६५ म्हणजे ४.५ लिटर. पॅकेटवर वजन छापलेलं असतं, त्यामुळे थराची जाडी मोजायचीही गरज उरत नाही. ७.९ लिटरच्या थरात दाणे साडेचार लिटरचे आणि पाणी जवळजवळ साडेतीन लिटर.

खडी कशाची आहे हे ठाऊक नसेल, पॅकेट फेकून दिलं असेल, किंवा रंगीत, सच्छिद्र, मिसळीची खडी असेल, तर स्वयंपाकघरातल्या मापाच्या मगात प्रयोग करा. मगात एक लिटरच्या खुणेपर्यंत कोरडी खडी भरा, मग दोनदा हलकेच आपटून वरचा भाग सपाट करा. आता दुसऱ्या मापातून मोजून पाणी ओता, खडीच्या पृष्ठभागाशी पाणी येईपर्यंत. मध्येच चमच्याने टोचून हवेचे बुडबुडे काढा. समजा ४२० मिली पाणी आत गेलं. याचा अर्थ एक लिटर खडीत दाणे ५८० मिलीचे. मग टाकीतल्या थराच्या लिटरना ०.५८ ने गुणा: ७.९ × ०.५८ म्हणजे ४.६. वजनाच्या वाटेने ४.५ आले होते. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर इतकं जवळ आलं की आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

बारीक आणि जाड खडी एकत्र असेल तर लहान दाणे मोठ्यांच्या फटींत शिरतात आणि पोकळी कमी होते, म्हणून मिसळीसाठी मगाचा प्रयोगच करावा. झाडांच्या टाकीत वापरतात ती भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची माती हे आणखी वेगळं प्रकरण. त्या गोळ्या स्वतःच पाणी पितात. मगात पाणी ओतून रात्रभर ठेवा, पातळी खाली गेली तर पुन्हा मोजून भरा आणि एकूण गेलेलं सगळं पाणी धरा. अशा मातीला २.६५ चा भागाकार लावू नका.

खडीच्या पोटातलं पाणी औषधाच्या हिशेबात धरायचं का, अशी शंका कोणालाही येईल. धरायचं. खडीखालचा फिल्टर असेल तर ते पाणी सतत फिरतंच. नसेल तर औषध तिथे हळूहळू झिरपतं, पण पोचतं. मधल्या वेळात वरच्या पाण्यात औषध थोडं जास्त तीव्र राहतं. आपल्या टाकीत ही वाढ सहा-सात टक्क्यांच्या आसपास भरते, तेवढी चालते. पाच-सहा इंच जाड वाळूचा थर असेल तर मात्र एकदम पूर्ण डोस न घालता तो काही तासांच्या अंतराने दोन हप्त्यांत घालावा.

दगड, लाकूड आणि पोकळ सजावट

दगडाचं आकारमान फूटपट्टीने निघत नाही. तो पाण्यात बुडवावा लागतो. परातीत किंवा घमेल्यात बादली ठेवायची, बादली काठोकाठ भरायची, दगड सावकाश सोडायचा आणि परातीत सांडलेलं पाणी मापात ओतून मोजायचं, ही रीत सगळ्यांना शाळेपासून ठाऊक आहे. ती बरोबर आहे, पण घरी करताना थोडं पाणी बादलीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून राहतं आणि काठावर फुगवटा धरून बसतं, त्यामुळे लहान दगडाला ती धड लागत नाही.

त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर एक पातेलं ठेवा, ते अर्धं पाण्याने भरा आणि काटा शून्यावर आणा. दगडाला सुतळी बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबता धरा. तळाला टेकू द्यायचा नाही, कडेला लागू द्यायचा नाही. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे मिली दगडाचं आकारमान. दगड कितीही जड असो, तो सुतळीवर, म्हणजे तुमच्या हातात आहे. काट्यावर पडतं ते फक्त त्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. काट्याची क्षमता पाच किलोची असली तरी मोठा दगड या रीतीने सहज मोजता येतो.

आपल्या टाकीत तीन काळे दगड आहेत, मिळून ५.२ किलोचे. काट्यावर तिघांचे मिळून १,८०० ग्रॅम आले, म्हणजे १.८ लिटर. हा सह्याद्रीचा नेहमीचा काळा दगड, बेसाल्ट. तो भरीव असेल तर एक लिटरला साधारण २.९ किलो भरतो, म्हणून ५.२ भागिले २.९ केलं तरी तेच उत्तर येतं. बेसाल्टमध्ये कधी कधी वाटाण्याएवढी छिद्रं असतात. असा दगड हलका लागतो आणि त्याला भागाकार लावता येत नाही, बुडवूनच मोजावा लागतो. कोकणातल्या जांभ्याचंही तेच. सच्छिद्र दगड कोरडाच बुडवावा आणि बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच काटा वाचावा, नाहीतर छिद्रांतली हवाही दगडाच्या खात्यात जमा होते.

ड्रिफ्टवुड कोरडं असताना तरंगतं आणि पाणी पितं, म्हणून ते बुडायला लागल्यावरच मोजावं. लाकडाचा काही भाग पाण्याबाहेर राहणार असेल तर पाण्यातला भाग तेवढाच बुडवून मोजायचा. आपलं लाकूड ०.८ लिटर भरलं. चिनी मातीचे किल्ले, मडकी, बोगदे दिसायला मोठे असतात, पण आत पाणी शिरत असल्याने खातात फार थोडं. फक्त ते पाण्यात तिरपे धरून आतली हवा जाऊ द्या. ज्याला भोकच नाही असा बंद पोकळ दगड मात्र पूर्ण आकारमानाने वजा होतो. मागच्या काचेला आतून लावलेला थर्मोकोलचा किंवा फोमचा खडबडीत देखावा असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे पाहा. दोन इंच जाडीचा असा देखावा या टाकीत सात-आठ लिटर जागा घेऊ शकतो, बाकी साऱ्या सजावटीपेक्षा जास्त.

टाकीतला फिल्टर आणि हीटर मिळून ०.४ लिटर धरले. झाडं आणि मासे सोडून द्या. माशाचं वजन दहा ग्रॅम म्हणजे आकारमान साधारण दहा मिली. वीस मासे मिळून पाव लिटरसुद्धा होत नाहीत.

आता हिशेब पुरा करू. ५८.५ मधून खडीचे ४.५, दगडांचे १.८, लाकडाचे ०.८ आणि फिल्टर-हीटरचे ०.४ वजा केले. उरले ५१ लिटर.

‘सत्तर लिटर’च्या टाकीत पाणी एक्कावन्न लिटर. सत्तरच्या हिशेबाने औषध घातलं तर डोस जवळजवळ चाळीस टक्के जास्त होतो. दुसरीकडे, खडीचा थर अख्खा वजा करणाऱ्याला साडेसत्तेचाळीस मिळतात आणि त्याचा डोस सात टक्के कमी पडतो. पहिली चूक घातक, दुसरी बहुतेक वेळा खपून जाणारी. म्हणून घाईच्या वेळी कुठली चूक करायची असेलच तर कमी पाण्याकडे झुकणारी करावी.

बाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर किंवा खाली सम्प असेल तर त्यातलं पाणी बेरजेत घ्यावं लागतं. कॅनिस्टरच्या खोक्यावर लिहिलेली क्षमता पूर्ण धरू नका, आत स्पंज आणि सिरॅमिक भरलेलं असतं. फिल्टर धुताना तो बादलीत ओतून मोजला की खरा आकडा कळतो.

चालू टाकीचं काय?

टाकी नवीन असेल तर एवढा हिशेब करायचीही गरज नाही. खडी, दगड, लाकूड सगळं मांडून घ्या आणि मापलेल्या बादलीने पाणी भरत बादल्या मोजा. अट एवढीच की बादली खरंच मापलेली हवी. ‘वीस लिटरची’ बादली वीस लिटर भरते ती काठोकाठ, आणि तशी ती कोणी उचलत नाही. एक लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतून बादलीच्या आत मार्करने दहा लिटरची खूण करा, किंवा बादली वजनकाट्यावर ठेवून दहा किलो पाणी भरा. गोल बाउल, षट्कोनी किंवा पुढची काच फुगवलेली टाकी यांच्यासाठी हीच रीत. भूमितीत शिरू नका.

पण बहुतेक वाचकांची टाकी दोन-तीन वर्षं भरलेली असणार. खडीचं वजन आठवत नाही, दगड झाडांच्या मुळांत अडकलेले. अशा वेळी आधी एक साधी तपासणी करा. पाण्याच्या पातळीवर काचेला टेपचा तुकडा लावा, सायफनने खुणेच्या बादलीत बरोबर दहा लिटर काढा आणि पातळी किती उतरली ते मोजा. आपल्या टाकीत ती ५.७ सेंटिमीटर उतरायला हवी, कारण दहा भागिले १.७५ म्हणजे ५.७. सहा उतरली तर त्या पट्ट्यात काहीतरी जागा खात आहे, लाकडाची वर आलेली फांदी किंवा मागचा देखावा. पाच उतरली तर तुमचं आतलं माप किंवा बादलीची खूण चुकली आहे. या तपासणीने वरच्या पट्ट्याचा हिशेब पक्का होतो, खडीचा मात्र कळत नाही.

खडीसकट सगळं पाणी एका फटक्यात मोजायचं असेल तर मीठ आणि टीडीएस मीटर वापरा. आरओचं पाणी तपासायला मिस्त्री जो पेनसारखा मीटर आणतो तोच. एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ पूर्ण विरघळवा. मिठाचं वजन करायची गरज नाही, का ते पुढे कळेल. खुणेच्या बादलीत नळाचं दहा लिटर पाणी घ्या, मीटरचा आकडा लिहा, त्यात हे खारं पाणी १०० मिली घालून ढवळा आणि आकडा किती वाढला ते पाहा. समजा १२५ ने वाढला. आता टाकीचा आकडा लिहून ठेवा, फिल्टर चालू राहू द्या आणि त्याच बाटलीतलं ५०० मिली खारं पाणी फिल्टरच्या धारेपाशी सावकाश ओता. एक दिवस थांबा. उडालेलं पाणी भरून पातळी पहिल्या खुणेवर आणा आणि पुन्हा मोजा. समजा वाढ १२२ झाली.

टाकीत बादलीच्या पाचपट मीठ गेलं. पाणी बरोबर पाचपट, म्हणजे पन्नास लिटर असतं, तर वाढही बादलीइतकीच, १२५ झाली असती. ती किंचित कमी आहे, म्हणजे पाणी किंचित जास्त आहे: ५० × १२५ ÷ १२२, म्हणजे ५१.२ लिटर. मीठ किती होतं हे कुठे आलंच नाही, कारण दोन्हीकडे तेच खारं पाणी, फक्त मापं वेगळी. या आकड्यात खडीतलं, फिल्टरमधलं, किल्ल्याच्या आतलं, सगळं पाणी येतं. मीटर दोन-तीन अंक इकडेतिकडे दाखवतो, त्यामुळे उत्तरात दोन-तीन टक्क्यांची चूक धरावी. यातून आपल्या टाकीत जाणारं मीठ पाच-सहा ग्रॅमच्या आसपास असतं. एवढ्याने गोड्या पाण्यातल्या नेहमीच्या माशांना किंवा झाडांना काही होत नाही.

आकडा वापरताना

दहा लिटरला एक मिली असा डोस असेल तर आपल्या टाकीला ५.१ मिली. बाटलीच्या बुचाने अंदाज करू नका, मेडिकलच्या दुकानातून बिनसुईची पाच मिलीची सिरिंज आणा. बाटली परदेशी असेल आणि डोस गॅलनमध्ये लिहिला असेल तर गॅलन कुठला ते पाहा. अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचा. ‘१० गॅलन’मध्ये हा फरक साडेसात लिटरपेक्षा जास्त होतो.

औषध चालू असताना पाव पाणी बदललं तर पुढचा डोस फक्त बदललेल्या पाण्यापुरता घालायचा. आपल्या टाकीत पाव म्हणजे पावणेतेरा लिटर, आणि पातळीत ७.३ सेंटिमीटर. काचेच्या कडेला पाण्याच्या पातळीखाली तेवढ्या अंतरावर एक खूण करून ठेवली की दर वेळी बादल्या मोजाव्या लागत नाहीत. औषधाआधी फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, नाहीतर बरोबर काढलेला डोससुद्धा तोच शोषून घेईल.

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं. पातळी दोन सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेतीन लिटर गेले आणि मागे राहिलेलं औषध किंवा मीठ तेवढं घट्ट झालं. म्हणून पातळी आधी खुणेवर आणायची, मग डोस.

नळाचं पाणी सरळ टाकीत सोडत असाल तर क्लोरीन मारायचं औषध नव्या पाण्यापुरतं न घालता पूर्ण टाकीच्या हिशेबाने घाला. इथेही ५१ हाच आकडा. हीटर निवडताना मात्र एवढं बारीक जायचं कारण नाही. लिटरला एक वॉट या ढोबळ नियमाने पन्नास वॉटचा चालतो, थंड गावात पंचाहत्तरचा घ्या.

एका ठिकाणी हा ५१ चा आकडा वापरायचाच नाही, स्टँडचं वजन काढताना. खडी आणि दगडांनी सव्वासहा लिटर पाणी हटवलं, पण त्यांच्या जागी सतरा किलो आले. पाणी ५१ किलो, खडी १२, दगड ५.२, सहा एमएम काच साधारण १३ किलो, वर लाकूड आणि फिल्टर: दोन फुटी टाकी ऐंशी किलोच्या वर जाते. काचेचं शोकेस किंवा प्लायवूडचा हलका टीपॉय याला चालणार नाही.

खडी बदलली, नवा दगड ठेवला, पाण्याची पातळी बदलली की आकडा पुन्हा काढा. आणि स्टँडच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवा: ‘पाणी ५१ लिटर. एका सेंटिमीटरला पावणेदोन लिटर. पाव पाणी = ७.३ सेंटिमीटर.’ घरात तुम्ही नसताना औषध घालायची वेळ आली तर ते घालणाऱ्याला एवढ्या तीन ओळी पुरतील.